पातेल्याच्या बुडावरचं नाव

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या निरवांगीच्या घरात एक चोरी उघडकीला आली. चोर म्हणजे माझी आई, वय 82. मुद्देमाल एक पितळी पातेलं, दहा-बारा माणसांची आमटी सहज मावेल एवढं. पुतणी ते चिंच लावून घासत होती. तिनं ते पालथं घातलं आणि बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं. नाव आमच्या भावकीतलं नव्हतं. नीरेच्या कडेला वस्तीवर राहणाऱ्या एका घरातलं होतं, आणि ज्या आजोबांचं होतं ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आई जराही डगमगली नाही. “आणलं आसंल कवातरी कुणाच्या लग्नाला. वापरून वापरून आपलंच वाटाय लागलं.”

हे वाक्य मी तिथंच वहीत लिहून घ्यायला हवं होतं. मराठीचा मास्तर म्हणून तीस वर्षं मी मुलांना निबंध शिकवले, पण वाङ्मयचौर्य चुकून कसं घडतं याची एवढी नेमकी व्याख्या मला कधी जमली नाही. मुद्दाम चोरणारा माणूस वेगळा. तो पातेलं आणतो त्याच रात्री बुडावरचं नाव कानशीनं घासतो. आमच्यासारखे बाकीचे मात्र नाव न बघता वापरत राहतात.

पुतणी एम.ए.ला आहे. तिच्या लघुप्रबंधाचा विषय तुकोबांची नाममुद्रा आणि सालोमालो. तुकोबांची पालखी आमच्या गावात येत नाही. सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी ती इंदापूरला जाते. पण बेलवाडीचं रिंगण आम्ही चुकवत नाही आणि त्या जोरावर तुकोबांवर आपला हक्क आहे असं आमच्या घरात समजतात. त्यामुळं विषय घरचाच, म्हणून पोरीनं निवांत घेतला.

सालोमालो कोण, हे ज्यांनी 1936 सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहिलाय त्यांना सांगायला नको. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवून वर तुकोबांनीच माझे चोरले म्हणून बोंब मारणारा तो बुवा. चित्रपटात त्याला चांगला रंगवलाय, पण तो चित्रपटवाल्यांनी काढलेला नव्हे. गाथेतच त्याच्यावर अभंग आहेत. त्यांत तुकोबांची तक्रार अशी की ही मंडळी संतांच्या बोलांची मोडतोड करतात, त्याचेच दागिने घडवून अंगावर मिरवतात आणि दुसऱ्याचं ते आपलं म्हणतात. ही मोडतोड फार महत्त्वाची. अख्खा अभंग उचलणं हा सोपा गुन्हा. तोडून, जोडून, वितळवून नवा दागिना केला की चोराला स्वतःलाही तो आपला वाटू लागतो. सोनाराकडं नेलेली पाटली बांगडी होऊन आली तरी सोनं कुणाचं होतं हा प्रश्न उरतोच.

आणि नाममुद्रा म्हणजे काय? अभंगाच्या शेवटी कवीनं आपलं नाव घालायचं. नामदेव, एकनाथ, तुकाराम सगळ्यांनी हे केलं. अभंग तोंडोतोंडी गावोगाव फिरायचा, त्याला ना मुखपृष्ठ ना पाठपृष्ठ. म्हणून भांड्यावर नाव घालतात तसं त्यांनी शेवटच्या चरणावर नाव घातलं. सालोमालोनं तेवढंच घासून स्वतःचं घातलं.

असा विषय घेतलेल्या मुलीच्या हातून चोरी होईल असं कुणाला वाटेल? पहिला कच्चा मसुदा तिनं मला वाचायला दिला. मी ओसरीवर बसून चष्मा लावला आणि तिसऱ्या पानावर थबकलो. वाक्य असं होतं:

“सालोमालोनं तुकोबांची कविता चोरली, पण चोरीचा माल वापरायला लागतं ते दुःख त्याच्याकडं नव्हतं; म्हणून शब्द त्याच्या तोंडी गेले आणि अभंग तुकोबांच्याच घरी राहिला.”

मी म्हटलं, “पोरी, हे लिहिलंस कसं गं? याला म्हणतात शैली.”

ती लाजली. मग मी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग उठून कपाटातून आमच्या शाळेची 1998 सालची स्मरणिका काढली. पान 23. लेखक, मी.

“काका, देवाशपथ, मला वाटलं हे मीच लिहिलंय,” पोरगी रडवेली झाली. खोटं बोलत नव्हती. तिची वही बघितल्यावर सगळा उलगडा झाला. जूनमध्ये तिनं टिपणं काढली. त्यांत पुस्तकातली वाक्यं, तिनं स्वतःच्या शब्दांत केलेले सारांश आणि तिचे स्वतःचे विचार, सगळं एकाच निळ्या शाईत, एकाखाली एक, ना अवतरणचिन्ह ना पानाचा आकडा. ऑक्टोबरमध्ये लिहायला बसली तेव्हा सगळं तिच्याच अक्षरात होतं. आपल्या अक्षरात आहे म्हणजे आपलंच असणार. वापरून वापरून आपलंच वाटाय लागलं.

म्हणजे चोरी लिहिताना होतच नाही. ती चार महिने आधी, टिपण काढताना झालेली असते. लिहिताना फक्त पंचनामा होतो. म्हणून त्याच दिवशी आम्ही नवी वही घातली आणि पानाला दोन रेघा मारून तीन रकाने पाडले. पहिल्यात जसंच्या तसं उतरवलेलं, आणि ते उतरवायच्या आधी अवतरणचिन्ह उघडायचं, नंतर नव्हे. ‘नंतर घालू’ म्हटलेलं अवतरणचिन्ह आणि ‘नंतर देतो’ म्हटलेली उसनवारी यांची गत एकच. दुसऱ्या रकान्यात आपल्या शब्दांत मांडलेलं, तिथंही लेखक, पुस्तक आणि पान हवंच. तिसऱ्यात आपल्या डोक्यातलं. त्यापुढं स्वतःच्या नावाचं आद्याक्षर. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना कोरा राहिला. पोरगी खट्टू झाली. मी म्हटलं, “राहू दे. निदान आता कळलं तरी.”

आता त्या वाक्याचं करायचं काय? पोरीनं कॉलेजातल्या मैत्रिणींकडून एक कानमंत्र आणला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 सालची नियमावली आहे. तीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योगायोगानं जुळलेले सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे साम्यात धरत नाहीत. नियम खरा आहे. पण त्यातून पोरींनी काढलेला अर्थ असा, की चौदा शब्द आले की पंधरावा बदलायचा. हे म्हणजे शेतातून रोज एकच ऊस मोडून न्यायचा आणि विचारलं तर म्हणायचं, मोळी कुठं नेली? योगायोगाला दिलेली सूट ती. मोजूनमापून केलेल्या योगायोगाला नव्हे.

तरी तिनं हौस म्हणून वाक्य बदललं:

“सालोमालोने तुकारामांचे काव्य पळवले, मात्र पळवलेला ऐवज वापरण्यास आवश्यक असणारी व्यथा त्याच्यापाशी नव्हती; त्यामुळे शब्द त्याच्या मुखी गेले आणि अभंग तुकारामांच्याच गृही राहिला.”

मी वाचलं आणि घोटभर पाणी प्यालो. माझं धोतर नेसवलेलं वाक्य कोट घालून समोर उभं होतं. चोरलीचं पळवले झालं, मालाचा ऐवज झाला, दुःखाची व्यथा झाली, तोंडाचं मुख झालं, घराचं गृह झालं. पण सांगाडा माझाच. आधी चोरी, मग ‘पण’, मग नसलेलं दुःख, मग ‘म्हणून’, मग शब्द एकीकडं आणि अभंग दुसरीकडं. अर्धविरामसुद्धा जिथं मी 1998 साली ठेवला होता तिथंच बसून होता, हललेला नव्हता. संगणकाला हे कदाचित सापडणार नाही. तो शब्दाला शब्द जुळवतो आणि त्याच्या पोटात जे भरलंय त्याच्याशीच जुळवतो. आमच्या शाळेची स्मरणिका त्याच्या पोटात कशाला असेल? म्हणून साम्य शून्य टक्के आलं तर एवढंच समजायचं की पोलिसाच्या यादीत हे पातेलं नाही. ते आपलं आहे असं नव्हे.

शेवटी उपाय आईनं केला, तोही नकळत. ती मेथी निवडत बसली होती. मी पोरीला म्हटलं, “स्मरणिका मिट. वहीही मिट. आज्जीला सांग त्या वाक्यात काय म्हटलंय ते.”

पोरगी सांगायला लागली, “आज्जी, त्यात असं म्हटलंय की सालोमालोपाशी दुःख नव्हतं म्हणून...”

“कशाचं दुःख?” आईनं देठ मोडत विचारलं.

पोरगी थांबली. वाक्य तिला पाठ होतं, पण कळलेलं नव्हतं. मग ती हळूहळू बोलू लागली. त्या माणसाला गाता येत असेल, शब्द जुळवताही येत असतील. पण जे सोसल्यामुळं ते शब्द आले ते त्यानं सोसलं नव्हतं. म्हणून नाव बदललं तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो.

“मग आसं म्हण की,” आई म्हणाली.

आज्जीला पटेपर्यंत सांगितल्यावरच तिनं लिहायला घेतलं. पुढं कंसात माझं आडनाव, 1998, पृ. 23, आणि मजकूर असा: सालोमालोची अडचण शब्दांची नव्हती, अनुभवाची होती असं स्मरणिकेतल्या लेखात म्हटलंय. दुष्काळ, दिवाळं आणि घरातले मृत्यू तुकोबांनी सोसले होते, नाममुद्रा बदलून ते सोसणं हस्तांतरित होत नाही.

वाक्यं तिची, चाल तिची, श्रेय माझं. मी खूश झालो आणि मग लेख पडताळला. पडताळणी ही शेवटची पायरी, आणि तीच सगळे गाळतात. मूळ उघडून दोन गोष्टी बघायच्या: त्याचे शब्द आपल्यात शिरलेत का, आणि आपले शब्द त्याच्या तोंडी गेलेत का. दुसरीकडं कुणाचं लक्ष नसतं. मी 1998 साली दुष्काळाचं आणि दिवाळ्याचं काही लिहिलंच नव्हतं! ते पोरीनं घातलेलं. छान होतं, खरंही होतं, पण माझं नव्हतं. पातेलं परत करताना दुसऱ्याचा डबाही त्या घरी देऊन यावा तसं झालं. मग कंस पहिल्या वाक्याच्या शेवटी आणला आणि दुष्काळाच्या वाक्याला वेगळा आधार शोधला. तो गाथेतच आहे. दुष्काळात आपलं काय झालं, बायको अन्नावाचून कशी गेली, हे तुकोबांनी स्वतःच सांगितलंय.

गाथा म्हटलं की अभंगाचा क्रमांक आला, आणि क्रमांक आला की भांडण आलं. सरकारनं छापलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. विष्णुबुवा जोगांच्या गाथेत क्रम वेगळा. नुसतं ‘अभंग क्र. अमुक’ लिहिलं तर वाचणारा दुसरी प्रत उघडतो, त्याला भलताच अभंग दिसतो आणि तो म्हणतो, पोरीनं थापा मारल्यात. म्हणून आधी प्रत, मग क्रमांक. बारामतीला जाणारी एस.टी. सांगून भागत नाही, कुठल्या स्टँडावरून ते सांगावं लागतं.

या क्रमांकानंच आम्हाला एका मोठ्या फजितीतून वाचवलं. पोरीनं बीजाबद्दलचा एक ‘अभंग’ तुकोबांच्या नावावर दिला होता. मलाही तो लहानपणापासून पाठ. ‘गाथा’ लिहिलेलं होतं, पुढं क्रमांकाची जागा रिकामी. मी म्हटलं, “क्रमांक घाल.” ती दोन दिवस गाथा चाळत बसली. सापडेना. सापडणार कसा? तो अभंग गाथेत नाहीच. तो शांताराम आठवल्यांनी त्याच प्रभातच्या चित्रपटासाठी लिहिला आणि इतका बेमालूम उतरला की माणसं आजही तो तुकोबांचाच समजून टाळ धरतात. म्हणजे बघा, सालोमालोनं तुकोबांचं आपल्या नावावर घेतलं आणि आपण आठवल्यांचं तुकोबांच्या नावावर दिलं. दुसऱ्या प्रकाराला पुण्य म्हणतात असा आपला समज आहे, पण गीतकाराच्या बाजूनं बघितलं तर नाव घासलं गेलंच की. माझं ठाम मत झालंय: ज्या अवतरणाला पानाचा किंवा क्रमांकाचा आकडा मिळत नाही ते अवतरण संशयित. सोडू नये.

मग तळटीपा आल्या. आमच्या वेळेपासून प्रबंधात ‘तत्रैव’ लिहायची चाल आहे, म्हणजे वरच्याच टीपेतलं पुस्तक. शब्द संस्कृत, भारदस्त, आणि परत नाव लिहायचा त्रास नाही. पोरीनं महिपतीची टीप दिली, खाली ‘तत्रैव’ लिहिलं आणि झोपली. सकाळी दोहोंच्या मध्ये प्रभातच्या चित्रपटाची एक टीप घुसवली. झालं! खालचं ‘तत्रैव’ आता चित्रपटाकडं बोट दाखवू लागलं. अठराव्या शतकातल्या संतचरित्रातली हकिगत तिच्या प्रबंधानुसार दामले-फत्तेलालांच्या चित्रपटात निघाली. तेव्हापासून घरात कायदा केला: कच्च्या मसुद्यात तत्रैव बंद. प्रत्येक टीपेत लेखकाचं नाव आणि साल पुरतं लिहायचं. तत्रैवचा शृंगार सगळ्यात शेवटी, टीपा हलायच्या थांबल्यावर.

महिपतीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोरीनं त्याला संदर्भसूचीत घेतलं होतं, पण पुस्तक घरात कुठं दिसेना. विचारलं तर म्हणाली, “एका समीक्षेच्या पुस्तकात त्याचा उल्लेख होता, तिथून घेतला.” मग तू महिपती नाही वाचलास, तू त्या समीक्षकानं वाचलेला महिपती वाचलास. तसं लिहायला लाज नाही: महिपती, उद्धृत, अमुक, पान इतकं. समीक्षकानं चूक केली असली तर ती त्याच्या नावावर राहते, नाहीतर न वाचलेल्या पुस्तकातली चूक आपल्या गळ्यात पडते. पण मी म्हटलं, गावात ‘भक्तविजय’ची पोथी असेलच कुणाकडं, आण. दोन घरं फिरून ती घेऊन आली आणि पहिल्याच अध्यायात आम्हाला घबाड सापडलं.

महिपती ताहराबादचा कुलकर्णी. 1762 साली त्यानं ‘भक्तविजय’ पुरा केला. सुरुवातीलाच तो श्रोत्यांना सांगून टाकतो की हे मी मनचं रचलेलं नाही. उत्तरेकडं नाभाजींनी ग्वाल्हेरी बोलीत संतचरित्रं लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, त्या दोहोंचा मेळ घालून मी हा ग्रंथ करतोय. लेखकाचं नाव आहे, प्रांत आहे, भाषा आहे, आणि आपण त्यात नेमकं काय केलं तेही आहे. माणदेश म्हणजे आमच्या नीरेपलीकडं चार तासांची बैलगाडीची वाट. एवढ्या जवळचा आधार त्यानं लपवला नाही. शेवटी कुलकर्णीच तो. कुणाचा किती वसूल याची नोंद ठेवल्याशिवाय त्याला झोप कशी येणार?

पोरगी बराच वेळ पोथीकडं बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि आमच्या घराण्याच्या इज्जतीला हात घातला.

“काका, ते दुःखाचं वाक्य. तुम्ही कुठून घेतलंत?”

“म्हणजे काय? माझं आहे ते.”

“नाही, तुमच्या टिपणवह्या आहेत ना माळ्यावर. एकदा बघू या. पडताळणी.”

मी तरातरा माळ्यावर चढलो. बी.एड.च्या दिवसांतली वही सापडली. धूळ झटकली. पोरीच्या हातात द्यायच्या आधी आपण एकदा बघून घ्यावं म्हणून चाळली, आणि मधल्या पानावर ते वाक्य माझ्याच वळणदार अक्षरात उभं. अर्धविरामासकट. खाली लाल शाईनं ‘वा!’ लिहिलेलं.

मी स्वतःच्या वाक्याखाली कधी ‘वा!’ लिहीत नाही. निदान लाल शाईनं तरी नाही.

ना अवतरणचिन्ह, ना लेखक, ना पान. कुठल्या ग्रंथालयातलं कुठलं पुस्तक, काही आठवेना. कपाळाला हात लावून मी माळ्यावरच बसलो. खालून पोरगी ओरडली, “सापडली का?” मी म्हटलं, “सापडलो.”

रात्री आम्ही ठरवलं ते असं. वाक्य आणि त्याचा सारांश दोन्ही प्रबंधातून जाणार, कारण ज्याचा धनी माहीत नाही त्याची पावती कुणाच्या नावानं फाडायची? मुद्दा तिला हवाच होता, तर गाथेतले सालोमालोवरचे आणि दुष्काळाचे अभंग शेजारी ठेवून तिनं स्वतः काय दिसतं ते लिहायचं. तिनं लिहिलं. माझ्या वाक्याएवढं चटपटीत नव्हतं. पण दोन्ही अभंगांना प्रत होती, क्रमांक होता, आणि वहीत तिसऱ्या रकान्यातली पहिली नोंद पडली. पुढं तिच्या नावाचं आद्याक्षर.

पाडव्याला आईनं पातेलं बाहेर काढलं आणि पोरीला म्हणाली, “जा, वस्तीवर दिऊन ये. म्हणावं, लई दिस राहिलं.”

पोरगी निघाली तशी आईनं तिला उंबऱ्यातून माघारी बोलावलं. घरात गेली, गुळाची ढेप फोडली आणि मोठा खडा पातेल्यात ठेवला.

“मोकळं भांडं माघारी द्यायचं नसतं. आपलं कायतरी घालून द्यावं.”

पोरगी पातेलं कमरेवर घेऊन नदीच्या वाटेला लागली. मी स्मरणिकेच्या संपादकांना पत्र लिहायला बसलो. ‘पान 23 वरील वाक्य माझे नाही’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं, कारण पुढं कुणाचं ते लिहायचं होतं.